पाच मिनिटांची आघाडी किती किलोमीटर टिकते?

२० जुलै २०१४. टूर द फ्रान्सचा पंधरावा टप्पा, तालार ते नीम, अंतर २२२ किलोमीटर. शर्यत सुरू होताच न्यूझीलंडचा जॅक बाउअर आणि स्वित्झर्लंडचा मार्टिन एल्मिगर हे दोघे घोळक्यातून निसटले आणि दिवसभर पुढेच राहिले. नीम शहरात शिरल्यावरही मागचा घोळका त्यांना गाठू शकला नव्हता. अंतिम रेषा समोर दिसत असताना बाउअरने शेवटचा जोर लावला आणि रेषेला पन्नास मीटरही उरले नसताना वेगाने धावून आलेले स्वार त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले. नॉर्वेचा अलेक्झांडर क्रिस्टॉफ जिंकला. बाउअर दहावा आला.

पन्नास मीटर म्हणजे त्या वेगाला जेमतेम चार सेकंद. सबंध दिवसाच्या शर्यतीत पाठलाग इतका काठावर येऊन संपतो, तेव्हा तो योगायोग वाटतो. पण रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत अशा घटना पुन्हा पुन्हा घडतात, कारण मागचा घोळका हिशेब करूनच पळत असतो. पुढे गेलेल्यांना किती मिनिटांची आघाडी आहे आणि रेषा किती किलोमीटरवर आहे, या दोन आकड्यांवरून संघांचे मार्गदर्शक ठरवतात की वेग कधी वाढवायचा आणि किती वाढवायचा.

हिशेब शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितासारखा दिसतो. पुढची गाडी हळू, मागची जलद, तर मागची पुढचीला कधी गाठेल? फरक एवढाच, की शाळेच्या गणितात दोन गाड्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये दिलेलं असतं आणि इथे ते मिनिटांत मिळतं. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

आधी ‘पाच मिनिटांची आघाडी’ मोजतात कशी ते पाहू. रस्त्यावरची एखादी ठळक खूण घ्यायची, समजा एक पूल. पुढचा गट पुलावरून गेला की घड्याळ सुरू करायचं आणि घोळका त्याच पुलावर आला की थांबवायचं. आज उपग्रहाच्या मदतीने हे आकडे सतत टीव्हीवर झळकतात, पण अर्थ तोच राहतो: एकाच जागेवरून दोघे किती वेळाच्या अंतराने गेले. शर्यतीत मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस हाच आकडा पाटीवर लिहून स्वारांना दाखवत जातो.

आता गणित मांडू. पुढचा गट ताशी ४० किलोमीटरने चालला आहे, घोळका ताशी ४५ ने. पुलावर मोजलेली आघाडी पाच मिनिटं. गाठायला किती वेळ लागेल?

एक जण म्हणेल, पाच मिनिटांत पुढचा गट सव्वातीन किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, म्हणजे ३.३३ किलोमीटर जातो. वेगातला फरक ताशी ५ किलोमीटर. तेव्हा ४० मिनिटं. दुसरा म्हणेल, घोळका पाच मिनिटांत ३.७५ किलोमीटर जातो, म्हणजे तो तेवढा मागे आहे. त्याला पाचने भागलं तर ४५ मिनिटं. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर.

दोघांची घड्याळं वेगवेगळ्या क्षणी सुरू झाली आहेत, एवढंच. पहिल्याने घोळका पुलावर आला तेव्हापासून वेळ मोजली. त्या क्षणी पुढचा गट ३.३३ किलोमीटर पुढे होता. दुसऱ्याने पुढचा गट पुलावर होता तेव्हापासून मोजली. त्या क्षणी घोळका ३.७५ किलोमीटर मागे होता. दोन क्षणांमध्ये बरोबर पाच मिनिटांचं अंतर आहे आणि उत्तरांतही तेवढंच. सरावाने लोक पहिलीच पद्धत वापरतात, कारण आघाडीचा आकडा घोळका खुणेवर आल्याशिवाय पुरा होत नाही. तिचं सूत्र सोपं आहे: आघाडीच्या मिनिटांना पुढच्या गटाच्या वेगाने गुणायचं आणि दोन वेगांतल्या फरकाने भागायचं. पाच गुणिले चाळीस, भागिले पाच, म्हणजे चाळीस.

गंमत अशी की दोन्ही पद्धतींनी गाठण्याची जागा मात्र एकच निघते: पुलापासून ३० किलोमीटर. पुढच्या गटाला तिथे पोहोचायला ४५ मिनिटं लागतात, घोळक्याला ४०, आणि फरक तोच पाच मिनिटांचा. म्हणूनच सायकल शर्यतीत ‘किती वेळात’ यापेक्षा ‘किती किलोमीटरवर’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो. शेवटी रेषा रस्त्यावर आखलेली असते, घड्याळात नाही. रेषा पुलापासून ३१ किलोमीटरवर असेल तर पळालेले सापडतील, २९ वर असेल तर सुटतील.

किलोमीटरमध्ये विचार करायचा तर वेगाऐवजी एका किलोमीटरला लागणारे सेकंद धरणं सोयीचं पडतं. ताशी ४० म्हणजे किलोमीटरला ९० सेकंद. ताशी ४५ म्हणजे ८०. घोळका दर किलोमीटरला दहा सेकंद कमावतो. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, म्हणून ३० किलोमीटर. सूत्र नको, कागद नको. धावत्या सायकलवर, छाती भरून आलेली असतानाही हा भागाकार तोंडी करता येतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती पळणाऱ्यांच्या फार कामाची आहे. समजा पुढच्या गटाने जोर लावून वेग ताशी ४० वरून ४२ केला आणि घोळका ४५ वरच राहिला. वेगवाढ अवघी पाच टक्के. पण किलोमीटरला लागणारा वेळ आता ८५.७ सेकंद झाला आणि घोळक्याची कमाई दहा सेकंदांवरून ५.७ वर आली. तीच पाच मिनिटांची आघाडी आता ३० नव्हे, साडेबावन्न किलोमीटर टिकते. गाठण्याचं अंतर वेगावर नाही, दोन वेगांमधल्या फरकावर अवलंबून असतं, आणि फरक लहान असेल तर त्यातला बारीकसा बदलही सगळं उत्तर फिरवून टाकतो. त्यामुळे अनुभवी स्वार पळताना सुरुवातीला सगळी ताकद खर्च करत नाहीत. घोळका जेव्हा मनापासून पाठलाग सुरू करतो, नेमक्या त्या वेळी वेग वाढवता यावा म्हणून थोडी शिल्लक ठेवतात.

फ्रान्समध्ये या सगळ्या हिशेबाचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. रोबेर शापात हा एके काळचा शर्यतपटू पुढे फ्रेंच टीव्हीचा गाजलेला समालोचक झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की घोळका ठरवून पाठलागाला लागला की दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. म्हणजे रेषा तीस किलोमीटरवर असताना आघाडी तीन मिनिटांपेक्षा कमी असेल तर पळालेल्यांचं काही खरं नाही.

दहा किलोमीटरला एक मिनिट म्हणजे किलोमीटरला सहा सेकंद. पुढचे ताशी ४५ ने जात असतील, तर त्यासाठी घोळक्याला ताशी साधारण ४८.६ चा वेग धरावा लागतो. वाढ आठ टक्क्यांची. ऐकायला थोडी वाटते, पण सपाट रस्त्यावर या वेगाला सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ टक्के जास्त वेगासाठी जवळपास पाव पट जास्त ताकद लागते. एकट्या माणसाला दमलेल्या पायांनी हे झेपत नाही.

घोळक्याला ते जमतं, कारण तिथे बहुतेक जण वाऱ्याआड असतात. आइंडहोवन विद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या आतल्या, मागच्या भागात दाटीने चालणाऱ्या स्वाराला हवेचा अडथळा एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत जेमतेम पाच ते दहा टक्के होतो, असं त्यांना आढळलं. पुढे दोन-चार जण वारा झेलतात, थकले की बाजूला होतात आणि ताजे पाय पुढे येतात. पळालेल्या चौघांनाही आळीपाळीने पुढे यावं लागतं, पण त्यांची पाळी दर चौथ्या वेळी येते. एकटा पळणारा तर सतत वाऱ्यातच असतो.

इतका फायदा असताना घोळका पळणाऱ्यांना लगेच का पकडत नाही? कारण लवकर पकडलं तर तोटा होतो. पळालेले सापडले की रस्ता मोकळा होतो आणि ताज्या दमाचा दुसरा कुणी निसटतो. मग नव्याने पाठलाग करावा लागतो. वेगवान शेवट करणारे खेळाडू ज्यांच्याकडे आहेत, ते संघ म्हणून आपला एखाददुसरा माणूस घोळक्याच्या तोंडाशी लावतात आणि आघाडी दोन-चार मिनिटांवर झुलवत ठेवतात. शेवटच्या टप्प्यात मग तिला हळूहळू खेचत आणायचं आणि रेषेच्या थोडंसं अलीकडे संपवायचं. नीमला ही जागा रेषेच्या पन्नास मीटर आत आली.

टीव्हीसमोर बसलेल्या माणसालाही हा हिशेब करता येतो. त्यासाठी दोन नोंदी पुरतात. समजा रेषा ६० किलोमीटरवर असताना आघाडी सहा मिनिटं दहा सेकंद होती आणि ५० किलोमीटरवर असताना चार मिनिटं पन्नास सेकंद राहिली. दहा किलोमीटरमध्ये ऐंशी सेकंद गेले, म्हणजे किलोमीटरला आठ. उरलेले २९० सेकंद आठने भागले की साधारण ३६. या गतीने पळालेले रेषेच्या १४ किलोमीटर अलीकडे सापडतील. संघांना ते इतक्या लवकर नको असतं, त्यामुळे पुढच्या नोंदीत घोळका थोडा सैल पडलेला दिसला तर नवल नाही. उलट किलोमीटरला चारच सेकंद कमी होत असतील, तर शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये २०० सेकंदच भरून निघतील आणि पळालेले दीड मिनिटाने सुटतील.

शेवटच्या किलोमीटरचं गणित मात्र वेगळं धरावं लागतं. तिथे घोळका पाठलाग सोडून थेट जिंकण्यासाठी धावतो आणि वेग ताशी ६० च्या पुढे जातो. थकलेला पळपुटा ताशी ५० ने जात असेल तर त्याला किलोमीटरला ७२ सेकंद लागतात, घोळक्याला ६०. एका किलोमीटरमध्ये बारा सेकंद गेले. त्यात पुढे दोघे-तिघे असतील तर ते शेवटी एकमेकांवर नजर ठेवू लागतात, वारा आपण झेलायचा आणि जिंकायचं दुसऱ्याने, हे कुणालाच नको असतं, आणि त्यांचा वेग ऐन मोक्याला पडतो. एक किलोमीटर उरला असताना दहा सेकंदांची आघाडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

चढावर ठोकताळा आणखी गडबडतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहणाऱ्यांना हे खोपोलीला लक्षात येतं, जिथून बोरघाट सुरू होतो आणि ‘घाटाचा राजा’ किताबासाठी चुरस लागते. समजा पळालेले दोन मिनिटं पुढे आहेत. सपाट रस्त्यावर ताशी ४० ने ही दोन मिनिटं म्हणजे १,३३३ मीटर. पळालेले घाटाला लागले आणि त्यांचा वेग ताशी १५ वर आला, तर घोळका पायथ्याशी पोहोचेपर्यंत दोन मिनिटांत ते फक्त ५०० मीटर वर गेलेले असतात. वळणावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला वाटतं, आता पकडलेच. प्रत्यक्षात आघाडी एका सेकंदानेही घटलेली नाही. घोळका ताशी १६ ने चढला, तर त्याची कमाई किलोमीटरला १५ सेकंद, आणि दोन मिनिटं भरून काढायला आठ किलोमीटरचा घाट हवा. पळालेले माथ्यावरून उताराला लागले की मधलं अंतर पुन्हा भराभर वाढतं, तरी घड्याळातली आघाडी तीच असू शकते. दिसणाऱ्या अंतरावर विसंबू नये आणि मिनिटंच मोजावीत, ते यासाठी. शिवाय चढावर वेग कमी असल्यामुळे वाऱ्याआड राहण्याचा फायदाही घटतो, आणि घोळक्याचं संख्याबळ तितकं कामाला येत नाही.

आणि मागे कुणी पाठलागच केला नाही तर? १५ जुलै २००६ ला टूर द फ्रान्सच्या बेझिए ते मॉंतेलिमार टप्प्यात पाच जण निसटले. मागे नेतृत्वाची पिवळी जर्सी असलेल्या संघाने जोर लावला नाही, इतरांनीही लावला नाही. पळालेल्यांपैकी स्पेनचा ऑस्कर पेरेइरो घोळक्याच्या २९ मिनिटं ५७ सेकंद आधी पोहोचला आणि थेट पिवळ्या जर्सीत शिरला. पुढे फ्लॉइड लँडिस उत्तेजकाच्या चाचणीत सापडून बाद झाला आणि त्या वर्षीची टूर पेरेइरोच्या नावावर लागली. गाठण्याच्या सूत्रात वेगाचा फरक शून्य झाला की भागाकारच होत नाही.

पाठलागाची सगळ्यात मोठी चूक मात्र पायांची नव्हती, माहितीची होती. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, महिलांची रस्ता शर्यत, अंतर १३७ किलोमीटर, शेवट फुजी पर्वताच्या पायथ्याशी मोटार शर्यतींच्या धावपट्टीवर. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर शर्यत सुरू होताक्षणी निसटली. तिच्यासोबत इस्रायलची ओमर शापिरा, पोलंडची आना प्लिख्ता, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर आणि नामिबियाची व्हेरा लोझर होत्या. पाचही जणी घोळक्याच्या दृष्टीने धोक्याच्या नव्हत्या. कीझनहोफर तर कुठल्याही व्यावसायिक संघात नव्हती. बार्सिलोनात गणितात डॉक्टरेट करून ती लोझानच्या तंत्रविद्यापीठात संशोधन करत होती आणि सराव, आहार, शर्यतीची आखणी स्वतःच करत होती.

घोळका निवांत राहिला आणि आघाडी दहा मिनिटांच्या पुढे गेली. दोघी मागे पडल्या. रेषा ४१ किलोमीटरवर असताना कीझनहोफरने शापिरा आणि प्लिख्तालाही सोडलं आणि ती एकटी निघाली. मागून नेदरलँड्सच्या चार बलाढ्य खेळाडूंसह सगळा घोळका येत होता.

ऑलिम्पिकमध्ये स्वारांच्या कानात रेडिओ नसतो. संघाच्या गाडीतून ‘पुढे एक आहे, इतकी मिनिटं’ असं सांगणारं कुणी नसतं. हिशेबासाठी लागणारे आकडे पाटीवरून आणि येता-जाता मिळणाऱ्या माहितीवरूनच जमवावे लागतात. शेवटचे काही किलोमीटर उरले असताना घोळक्याने शापिरा आणि प्लिख्ताला गाठलं आणि मागच्या बहुतेकांनी धरून चाललं की पुढे आता कुणीच नाही. आधी निसटलेल्या किती आणि पकडलेल्या किती, ही साधी बेरीज-वजाबाकी त्यांच्याकडून निसटली होती.

नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्युटेन घोळक्यातून सुटून रेषेवर आली तेव्हा तिने हात वर करून विजय साजरा केला. कीझनहोफर तिच्या ७५ सेकंद आधी पोहोचून गेली होती. इटलीची एलिझा लाँगो बोर्गीनी १ मिनिट २९ सेकंदांनी तिसरी आली. ऑस्ट्रियाला सायकलिंगचं ऑलिम्पिक सुवर्ण याआधी १८९६ मध्ये, पहिल्याच आधुनिक ऑलिम्पिकमध्ये मिळालं होतं.

ते ७५ सेकंद भरून काढायला काय लागलं असतं? रस्ता चढ-उतारांचा होता, तरी अंदाजासाठी शेवटचे २५ किलोमीटर ताशी ४० ने गेले असं धरू. ७५ भागिले २५ म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. ९० ऐवजी ८७ सेकंदांत किलोमीटर कापायचं, म्हणजे वेग ताशी ४० वरून ४१.४. शापातच्या ठोकताळ्यातली कमाई याच्या दुप्पट आहे, आणि ती सर्वसाधारण दिवशीचा घोळका करून दाखवतो. तीन सेकंद त्यांच्या आवाक्यात होते. फक्त भागाकारात घालायचे दोन्ही आकडे, पुढची आघाडी आणि पुढे उरलेली माणसं, त्यांच्या हाती नव्हते.

तीन दिवसांनी, २८ जुलैला, त्याच फुजीच्या पायथ्याशी वैयक्तिक टाइम ट्रायल झाली. तिथे प्रत्येकीने एकटीने घड्याळाविरुद्ध धावायचं असतं, पुढे कोण आहे याचा प्रश्न येत नाही. फान फ्ल्युटेनने ती जवळपास एका मिनिटाच्या फरकाने जिंकली.